खाडा कुठे हरवतो?

पतसंस्थेतली नोकरी सोडून मी पुण्यातल्या एका डबा पोचवणाऱ्या कंपनीत लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मिळालेलं काम मला नीट कळलंच नव्हतं. कंपनी काकूंची. सगळेच त्यांना काकू म्हणतात. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "गिऱ्हाईक आपल्याला जिथे जिथे भेटतं, ती प्रत्येक जागा कागदावर काढ. आणि आपण दिलेला शब्द त्यातल्या कुठल्या जागी मोडतो ते मला दाखव. माणसं येतात, दोन-तीन महिने राहतात आणि जातात. जेवण वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. मग जातात का?"

मी मान डोलावली, पण डोक्यात काहीच शिरलं नव्हतं. पतसंस्थेत मी खात्याचा मेळ घालायला शिकले होते. जमा आणि नावे जुळले नाहीत तर फरक शोधायचा. इथे कशाचा मेळ कशाशी घालायचा, हेच समजेना.

कंपनीचं काम थोडक्यात असं. धायरीत स्वयंपाकघर आहे. सोमवार ते शनिवार दुपारचे सुमारे ६०० डबे कोथरूडपासून हिंजवडीपर्यंत जातात. २४ डब्यांचे पैसे आगाऊ, २,६४० रुपये, म्हणजे डबा ११० रुपयांना. पैसे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला यूपीआय ऑटोपेमधून आपोआप वळते होतात. डबा स्टीलचा, आजचा भरलेला द्यायचा, कालचा रिकामा न्यायचा.

पहिला आठवडा मी ऑफिसात बसून काढला. जाहिरात, व्हॉट्सॲपवरची चौकशी, चाचणीचा डबा, पैसे भरणं, रोज सकाळी येणारा मेनूचा मेसेज, डबा हातात पडणं, तक्रार, पुढच्या महिन्याचे पैसे. अशा तेवीस जागा मी एका लांब कागदावर ओळीने लिहिल्या. प्रत्येक जागेखाली ते काम कुणाचं आणि ठीक चाललंय का, हे ज्याचं त्याला विचारून भरलं. सगळ्यांनी सांगितलं, ठीक चाललंय. शेवटी माझ्यासमोर तेवीस हिरवी वर्तुळं होती आणि दर महिन्याला जाणारी माणसं मात्र जातच होती.

कागद काकूंना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि एकच विचारलं, "यात आपला शब्द कुठेय?"

खरंच नव्हता. कोण काय करतं हे मी लिहिलं होतं, पण आपण कबूल काय केलंय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. जमेची बाजू भरली होती आणि नावेची बाजू कोरी होती. मेळ बसणार कसा? त्या दिवशी मला पहिल्यांदा काम कळलं.

मग मी आमचं पत्रक काढलं. त्यावर छापलंय: "घरच्यासारखा गरम डबा, वेळेवर. केव्हाही सुट्टी घ्या, पैसे वाया जाणार नाहीत." या दोन ओळींचे चार तुकडे केले: घरच्यासारखा, गरम, वेळेवर, आणि सुट्टी घेतली तर पैसे वाया नाहीत. प्रत्येक तुकड्याला स्वतःला विचारलं, हे पाळलं की नाही हे मला कसं कळेल? 'वेळेवर' सोपं होतं, कारण पत्रकावरच पावणेबारा ते सव्वा लिहिलेलं आहे. 'गरम'साठी थर्मामीटर लागणार होता. 'घरच्यासारखा' मोजायचा कसा ते सुचेना, म्हणून ते कागदाच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्हासह ठेवून दिलं. त्याचं उत्तर पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळालं.

याच सुमारास वाचताना मला सेवेचा नकाशा काढायची एक जुनी पद्धत सापडली. लिन शोस्टॅक या बाईंनी १९८४ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये ती मांडली होती आणि त्यांचं उदाहरण होतं रस्त्याच्या कोपऱ्यावर बूटपॉलिश करणाऱ्याचं. ब्रश मारणं, पॉलिश लावणं, चकाकी आणणं, पैसे घेणं, अशी कामं ओळीने काढलेली आणि प्रत्येकाखाली लागणारे सेकंद. चुकण्याची जागाही दाखवलेली: चुकीच्या रंगाचं पॉलिश लागू शकतं. पण माझी नजर अडली ती खालच्या रेघेवर. रेघेच्या वरचं गिऱ्हाइकाला दिसतं, खालचं दिसत नाही. पॉलिशच्या डब्या आणून ठेवणं हे रेघेखालचं काम. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, पण ते चुकलं की वर बूट बिघडतो.

माझ्या तेवीस वर्तुळांत अशी रेघ नव्हती. शिवाय सगळी माहिती मी रेघेखालच्या माणसांकडूनच गोळा केली होती. वरून आमचा डबा कसा दिसतो, हे मी पाहिलंच नव्हतं.

म्हणून वाकडला राहणाऱ्या आतेभावाच्या नावाने आमचाच डबा लावला आणि दोन आठवडे गिऱ्हाईक झाले. धायरीत डबा भरताना भाजीत थर्मामीटर खुपसला की ८० अंशांच्या आसपास दाखवायचा. वाकडला उघडला की ५५ ते ६० अंश. पोळी कोमट असायची, पण भाजी-आमटी गरमच. वेळही बहुतेक दिवस पाळली गेली. दोन दिवस उशीर झाला, पण दोन्ही दिवशी मेसेज आधी आला होता. म्हणजे 'गरम' आणि 'वेळेवर' हे दोन तुकडे जवळजवळ शाबूत होते. गंमत म्हणजे ऑफिसात सगळी धडपड चालायची ती याच दोन गोष्टींसाठी. नव्या पिशव्या, नवे रस्ते, सगळं याच्यापायी.

मग हिशेबाच्या ताईंकडून मी सोडून गेलेल्यांची वही घेतली. मागच्या महिन्यात ४१ जण गेले होते. कारणाच्या रकान्यात सगळ्यांत जास्त वेळा, १७ नावांपुढे, लिहिलं होतं 'पेमेंट फेल'. ताई म्हणाल्या, "बँकेचा प्रॉब्लेम असतो गं. पैसे वळते होत नाहीत, आपण दोनदा आठवण करतो, मग नाव काढून टाकतो."

मी सतराही जणांना फोन लावला. बारा जणांनी उचलला. पैशांचं काय झालं होतं असं विचारलं की समोरचा क्षणभर गप्प व्हायचा आणि मग दुसरीच गोष्ट सांगायचा. बारापैकी नऊ जणांच्या गोष्टीत एक शब्द होता: सुट्टी. दोघांनी वापरला आमचा जुना शब्द, खाडा.

पुण्यात मेसवर जेवलेल्या कुणालाही खाडा समजावून सांगावा लागत नाही. महिन्याचे पैसे भरलेत, पण आज जेवायला येणार नाही, तर तो खाडा. आधी सांगितलात तर तो दिवस पुढे मिळतो, न सांगितलात तर बुडतो. काकूंनी सुरुवात खानावळीपासून केली होती. त्यांच्या खाड्याच्या वह्या अजून कपाटात आहेत. उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत तारखा आणि खाड्याच्या दिवशी चौकटीत फुली. आमच्या पत्रकावरचं 'केव्हाही सुट्टी घ्या' हे त्या वहीचंच नवं रूप आहे.

त्या नऊंपैकी एका मुलीची गोष्ट मी तिच्या परवानगीने, तिने पाठवलेल्या मेसेजांवरून, तासातासाने कागदावर मांडली. हिंजवडीत एकटी राहणारी, आयटीत नोकरी. तिचे २४ पैकी १४ डबे शिल्लक होते. बुधवारी दुपारी डबा घेताना तिने नेहमीच्या दादाला सांगितलं, "मी गावी चाललेय. गुरुवार, शुक्रवार, शनिवार नको." दादा म्हणाला, "ठीक आहे ताई." तिच्या दृष्टीने विषय संपला.

गुरुवारी तो दादा रजेवर होता. त्याच्या वाटेवर दुसरा मुलगा गेला. त्याच्या यादीत तिचं नाव होतं. त्याने बेल वाजवली, फोन केला, तो लागला नाही, म्हणून डबा दाराच्या कडीला अडकवला. शुक्रवारी आणि शनिवारी नेहमीचा दादा परत आला. यादीत नाव होतं, पण तिचं बोलणं त्याला आठवत होतं. त्याने डबा दिला नाही, भरलेलाच परत आणला. त्याच्या परीने त्याने शब्द पाळला. पण आमच्या ॲपमधले शिल्लक डबे वजा होतात ते रात्री दुसऱ्या दिवशीची यादी निघते तेव्हा. डबा दारात पोचतो तेव्हा नाही. म्हणून तिन्ही दिवस तिचा एकेक डबा कमी झाला. १४ चे ११ झाले.

रविवारी रात्री ती बॅग घेऊन दारात आली, तेव्हा कडीला गुरुवारचा डबा होता. उघडला तेव्हाचा वास तिने मला फोनवर सांगितला आणि मग म्हणाली, "मला पैशांचं काही नव्हतं. मी सांगून गेले होते. घरी सांगून गेलं तर कुणी ताट वाढून ठेवत नाही ना."

तिचं ते वाक्य मी कागदावर लिहून घेतलं. कोपऱ्यातल्या प्रश्नचिन्हाचं उत्तर तिथे होतं. 'घरच्यासारखा' हे मी चवीत शोधत होते, फोडणीत आणि पोळीच्या मऊपणात शोधत होते. तिच्या लेखी घर म्हणजे जिथे आज आपण जेवायला नाही हे माहीत असतं, ते.

पुढचंही सांगते, कारण शब्द मोडतो कसा ते त्यातच दिसतं. तिने रात्रीच व्हॉट्सॲपवर लिहिलं. तो नंबर सांभाळणाऱ्या ताई संध्याकाळी ७ ला घरी जातात. उत्तर सोमवारी सकाळी गेलं: सुट्टी रात्री ९ च्या आत ॲपवर नोंदवावी लागते. आमच्या पत्रकावर तर 'केव्हाही' आहे. तिने पत्रकाचा फोटो पाठवला. मग चौकशी झाली आणि नऊ दिवसांनी दोन डबे परत जमा झाले. गुरुवारचा झाला नाही, कारण आमच्या नोंदीत तो 'पोचला' होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिला आणखी एक मेसेज आला. तो आम्ही लिहिलेला नव्हता. आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना किमान २४ तास आधी गिऱ्हाइकाला गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना होती: उद्या तुमच्या खात्यातून २,६४० रुपये जातील. माझ्या तेवीस जागांत ही नव्हती, कारण ती आमच्या ऑफिसातून जात नाही. पण गिऱ्हाईक राहायचं की जायचं हे दर महिन्याला ठरवतं ते नेमकं त्या क्षणी. तिने ऑटोपे रद्द केलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वसुली झाली नाही आणि ताईंनी वहीत लिहिलं: पेमेंट फेल.

सगळं कागदावर उतरल्यावर मी बराच वेळ बघत बसले. शब्द मोडला होता बुधवारी दुपारी, दाराच्या उंबऱ्यावर. त्याची नोंद झाली दोन-अडीच आठवड्यांनी, हिशेबाच्या वहीत, दुसऱ्याच नावाने. मधल्या प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं. दादा खोटं बोलला नव्हता. बदली मुलगा यादीप्रमाणे गेला होता. ताईंनी नियम सांगितला होता. मी त्यांना विचारलं, तेव्हा प्रत्येकाने हिरवं वर्तुळ काढलं ते खरं होतं. फाटलं होतं ते दोन वर्तुळांच्या मधल्या जागेत आणि तिथे माझ्या कागदावर नुसती रेघ होती. त्या रेघेचं नाव कुणाच्याच कामात नव्हतं.

एका गोष्टीवरून निष्कर्ष काढायचा नाही, इतकं पतसंस्थेत शिकले होते. म्हणून पुढचा आठवडाभर मी फक्त खाडे मोजले. ज्या मार्गाने खाडा सांगितला जातो, तो प्रत्येक मार्ग धरला आणि प्रत्येक खाड्यासाठी तीन ठिकाणी पाहिलं: रात्रीच्या यादीतून नाव गेलं का, दुसऱ्या दिवशी डबा गेला का, शिल्लक तेवढीच राहिली का. तिन्ही जुळले तरच खाडा पाळला गेला असं धरलं. दारात सांगितलेल्या खाड्यांची नोंद कुठेच नसते. म्हणून सहा मुलांना मी खिशात मावेल अशी छोटी वही दिली आणि रोज दुपारी मुलं परत आल्यावर त्यांच्यासोबत बसून ती वाचली. शिवाय संध्याकाळी परत आलेले डबे हलवून पाहायचे. रिकामा डबा आणि भरलेला परत आलेला डबा यांचं वजनच सांगतं.

त्या सहा वाटांवर आठवड्यात ५८ खाडे सांगितले गेले. २१ ॲपवर, १४ व्हॉट्सॲपवर आणि २३ दारात, दादाला तोंडी. ॲपवरच्या २१ पैकी १९ पाळले गेले. व्हॉट्सॲपवरच्या १४ पैकी ९. दारातल्या २३ पैकी ६.

ऑफिसात ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती, कारण ऑफिसात पाहिले जातात ते फक्त ॲपवरचे खाडे. तिथे १९ म्हणजे उत्तमच. गिऱ्हाईक मात्र सगळ्यांत जास्त ज्याच्याशी बोलतं तो डबा आणणारा दादा. रोज दिसणारा माणूस तोच, तर सांगणार त्यालाच. आमच्या दृष्टीने तो डबा पोचवणारा. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तोच कंपनी.

ॲपवरच्या त्या दोन चुकलेल्या खाड्यांनी मला वेगळंच दाखवलं. दोन्ही खाडे रात्री ९ नंतर टाकलेले होते. यादी निघून गेली होती, तरी ॲपने 'सुट्टी नोंदवली' म्हणून हिरवी खूण दाखवली. गिऱ्हाइकाला खोटी पावती मिळाली. साधं 'आता उशीर झाला' एवढं दिसलं असतं तर शब्द मोडला नसता.

आता प्रश्न आला ९ चा. सगळ्यांना वाटत होतं, मलाही, की ९ ही स्वयंपाकघराची अट आहे. मी पहाटे धायरीला गेले आणि पोळ्यांच्या मावशींना विचारलं. कणकेची परात समोर, हात कोपरापर्यंत पिठात. म्हणाल्या, "कडधान्य आठलाच भिजतं, पण दहा-पंधरा डबे इकडेतिकडे झाले तर त्यात काय फरक पडतो? भाजी पहाटे मार्केट यार्डातून येते, तीही अंदाजानेच. मला आकडा लागतो कणीक भिजवताना, साडेचारला."

मग ९ कुणाचे? शोधत गेले तर कळलं, यादी हाताने काढून स्वयंपाकघराच्या ग्रुपवर टाकणारा मुलगा ९ ला घरी निघतो. बाकी काही कारण नव्हतं. एका माणसाच्या घरी जायच्या वेळेचा नियम झाला होता आणि तो नियम आम्ही गिऱ्हाइकाला सांगत होतो.

काकूंसमोर दुसऱ्यांदा बसले, तेव्हा कागदावर वर्तुळं कमी होती. सबंध नकाशातला एकच पट्टा मी मोठा करून काढला होता: खाडा सांगितल्यापासून शिल्लक बरोबर दिसेपर्यंत. मधोमध दिसण्याची रेघ. वर गिऱ्हाईक काय करतं आणि काय पाहतं. खाली कोण, कुठल्या वहीत, किती वाजता. आणि लाल फुल्या होत्या चार. दारात सांगितलेलं कुठेच लिहिलं जात नाही. व्हॉट्सॲपवर ७ नंतर आलेलं सकाळी वाचलं जातं. ॲप ९ नंतरही हिरवी खूण देतं. डबा वजा होतो तो यादीवर, पोचल्यावर नाही.

काकू चौथ्या फुलीवर बोट ठेवून बसल्या. म्हणाल्या, "खानावळीत फुली मी मारायचे आणि ताटही मीच वाढायचे. वही आणि ताट एकाच हातात होतं."

उपाय सगळ्यांनी मिळून ठरवले. पहिला, दारातला खाडा अडवायचा नाही. मुलांना 'ॲपवर टाका' म्हणायला सांगावं, असं एकाने सुचवलं. पण गिऱ्हाईक आपल्याशी जिथे बोलतं तिथून त्याला हाकलण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी मुलांच्या फोनमधल्या वाटेच्या यादीत प्रत्येक नावापुढे खाड्याचं बटण आलं. दादाने तारखा निवडल्या की गिऱ्हाइकाच्या फोनवर तिथल्या तिथे मेसेज जातो: गुरुवार, शुक्रवार, शनिवार डबा येणार नाही, शिल्लक १४. आकडा मुद्दाम घातला. ऐकलं गेलं हे त्या आकड्यावरून कळतं.

दुसरा, डबा वजा होतो तो आता दारात स्टिकर स्कॅन केल्यावर. कडीला अडकवलेला डबा 'पोचला' धरायचा की नाही, यावर पुष्कळ वाद झाला. शेवटी ठरलं, फोन न उचलल्यास अडकवायचा नाही, सिक्युरिटीकडे ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत उचलला नाही तर परत आणायचा. तो डबा बुडाला धरायचा, पण गिऱ्हाइकाला त्याच दिवशी तसं कळवायचं. महिन्याअखेरीस नाही.

तिसरा, रात्रीची यादी १० ला आपोआप निघते. तेवढा वेळ मिळाला म्हणून पत्रक, ॲप, व्हॉट्सॲपचं आपोआप जाणारं उत्तर, सगळीकडे एकच वेळ आली: रात्री १०. ॲप १० नंतर हिरवी खूण देत नाही, परवापासूनचा खाडा घेऊ का ते विचारतं.

आणि चौथं काकूंना सगळ्यांत जड गेलं. पत्रकावरचा 'केव्हाही' काढावा लागला. तो शब्द जाहिरातीत चांगला चालत होता. पण सकाळी ९ ला कुणी 'आज नको' म्हटलं तर तेव्हा पोळ्या झालेल्या असतात आणि त्यांचे पैसे कुणालातरी सोसावे लागतात. जो शब्द स्वयंपाकघर पाळू शकत नाही, तो पत्रकाने द्यायचा नाही. आता छापलंय: "रात्री १० पर्यंत सांगा, कुणालाही सांगा." 'कुणालाही' हे काकूंनी स्वतःच्या हाताने घातलं.

या कागदाच्या मर्यादा मला रोज दिसतात. मी मोजला तो एकच आठवडा, तोही उन्हाळ्यातला आणि सहाच वाटांवर. पावसाळ्यात हिंजवडीचा रस्ता तुंबला की कदाचित 'गरम' आणि 'वेळेवर' हेच तुकडे आधी मोडतील आणि मग लाल फुल्या वेगळ्या ठिकाणी लागतील. सोडून गेलेल्यांपैकी फोन न उचललेल्या पाच जणांची गोष्ट मला माहीत नाही. दादाला बटण दाबायला वेळ लागतो आणि घाईच्या दिवशी तो विसरतो. म्हणून छोट्या वह्या मी परत घेतलेल्या नाहीत. महिन्यातून एक आठवडा त्या वाचते आणि बटणाशी ताडून पाहते. वहीत आहे आणि ॲपमध्ये नाही असा खाडा सापडला की त्याच दिवशी त्या घरी फोन करते.

परवा हिशेबाच्या ताई वही घेऊन माझ्याकडे आल्या. कारणाच्या रकान्याशेजारी त्यांनी पट्टीने नवा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं: 'त्याआधी काय झालं?' पहिल्या नावापुढे जुन्या रकान्यात नेहमीसारखंच 'पेमेंट फेल' होतं. नव्या रकान्यात लिहिलं होतं: "१२ तारखेचा खाडा. फोन केला. उद्यापासून डबा सुरू."